कुणाच्याच नसलेल्या जागा

१९९०च्या दशकात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या पाच हायस्कूलांमध्ये रॉन अवी अॅस्टर, हेदर मेयर आणि विल्यम बेहरे या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या हातात त्यांच्याच शाळेचा नकाशा दिला. शाळेत मारहाणीचे, हिंसेचे गंभीर प्रसंग कुठे घडले तिथे खूण करा, किती वाजता घडले ते लिहा, त्यात मुलं होती की मुली आणि साधारण कोणत्या वयाची होती तेही लिहा, एवढंच त्यांना सांगितलं. १९९९मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात अशा १६६ प्रसंगांची नोंद होती. खुणा पडल्या होत्या त्या मुख्यतः व्हरांड्यांत, जेवणाच्या हॉलमध्ये, गाड्या लावायच्या जागेत. आणि त्याही तिथे एकही मोठं माणूस नसण्याच्या वेळेला.

संशोधकांनी नंतर मुलाखती घेतल्या. वर्ग कुणाचा, हे शिक्षकांना पक्कं ठाऊक होतं. तिथे काही घडलं तर ती आपली जबाबदारी, यात शंका नव्हती. व्हरांड्याबद्दल मात्र उत्तरं अडखळत होती. अशा जागांना या संशोधकांनी मालक नसलेल्या जागा म्हटलं. आपण त्यांना बेवारस जागा म्हणू.

ही कल्पना मुळात शाळांमधली नाही. सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत होती. ऑस्कर न्यूमन या वास्तुरचनाकाराने तिथे पाहिलं की, जिथे दोनच कुटुंबांच्या दारासमोर एक सामायिक जागा होती ती जागा नीटनेटकी असे; जिथे वीस कुटुंबांना मिळून एक लांबलचक व्हरांडा होता तिथे घाण, मोडतोड आणि भीती होती. माणसं त्याच वसाहतीतली. फरक होता तो ‘ही जागा माझी’ असं म्हणणारं कुणी आहे की नाही, याचा. न्यूमनचं या विषयावरचं पुस्तक १९७२चं. अॅस्टर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न शाळेच्या इमारतीला विचारला.

या प्रकरणात मला एकाच कामाबद्दल लिहायचं आहे: शाळेतल्या बेवारस जागा शोधण्यासाठी करायची फेरी. ही फेरी अनेक शाळा करतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने करतात. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक, एखादे विश्वस्त आणि शिपाई अशी तिघं मिळून रिकामी इमारत बघतात, कुठे दिवा नाही, कुठे कठडा हलतो ते टिपतात आणि अहवाल तयार होतो. हलणारा कठडा सापडतो, ते चांगलंच. पण दादागिरी सापडत नाही, कारण ती इमारतीत राहत नाही. ती विशिष्ट जागी, विशिष्ट वेळी, विशिष्ट वयाच्या मुलांच्या वाट्याला येते. अडीच वाजता गजबजलेला जिना सव्वाअकराला निर्धोक असतो. तोच जिना पाचवीच्या मुलासाठी संकट असतो आणि दहावीच्या मुलासाठी नुसता जिना.

म्हणून क्रम असा: आधी मुलांचा नकाशा, मग फेरी.

नकाशा साधा चालतो. चित्रकलेच्या शिक्षकांनी हाताने काढलेला, प्रत्येक मजल्याचा एक कागद, त्याच्या झेरॉक्स प्रती. त्यावर वर्ग, जिने, स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, मैदान, सायकल स्टँड, फाटक एवढं ओळखू आलं म्हणजे झालं. गच्चीकडे जाणारा जिन्याचा शेवटचा टप्पा आणि जिन्याखालची जागा मात्र विसरायची नाही. इमारतीच्या अधिकृत आराखड्यात त्या जागांना नाव नसतं, त्यामुळे हाताने काढलेल्या नकाशातूनही त्या सहज गळतात.

प्रश्न कसा विचारायचा, यावर सगळं अवलंबून आहे. ‘तुला कुठे त्रास दिला गेला?’ असं विचारलं तर कागद कोरे परत येतात. ज्याला त्रास होतो त्याला ते कबूल करायची लाज वाटते आणि शेजारचा मुलगा आपल्या कागदात डोकावेल ही धास्तीही असते. त्यापेक्षा असं विचारावं: कुठून जाताना तू पाय उचलून पटकन जातोस? कुठल्या ठिकाणी एकट्याने जायचं टाळतोस? तुझ्या वर्गाला जवळचा असूनही तू कुठला जिना वापरत नाहीस? तुझ्यापेक्षा लहान मुलांना कुठे जाऊ नका असं तू सांगशील? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलं सर्वांत मोकळेपणाने देतात, कारण त्यात स्वतःबद्दल काहीच सांगावं लागत नाही. लाल खूण म्हणजे टाळायची जागा, हिरवी म्हणजे निवांत वाटणारी जागा. लाल खुणेशेजारी वेळ: प्रार्थनेआधी, मधल्या सुट्टीत, तास बदलताना, शाळा सुटल्यावर. हिरव्या खुणा शोभेसाठी नाहीत. मुलांना कुठे निश्चिंत वाटतं ते कळलं की तिथे असं काय आहे, ते इतर ठिकाणी नेता येतं का, हे पाहता येतं.

कागदावर नाव नको. फक्त इयत्ता आणि मुलगा की मुलगी, एवढंच. सगळ्यांनी एकाच प्रकारच्या खडूने नुसते ठिपके द्यावेत, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. वेळेसाठी चार चिन्हं ठरवून द्यावीत, लिहायला लावू नये. कागद भरून घेताना मुलांना बाकावर एकाआड एक बसवावं आणि कागद वर्गशिक्षकाने गोळा न करता मुलांनी स्वतः घडी घालून खोक्यात टाकावेत. वर्गशिक्षक का नको? कारण एखाद्या कागदावर लाल ठिपका वर्गाच्या आतच असू शकतो, कधी शिक्षकाच्या टेबलाजवळ. नकाशा वाचणारी व्यक्ती त्या वर्गाला न शिकवणारी, शक्यतो शाळेबाहेरची असावी. समुपदेशक असतील तर उत्तम, नाहीतर शालेय व्यवस्थापन समितीतले एखादे पालक.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. नकाशा काढताना किंवा नंतर बोलताना एखादं मूल लैंगिक छळाबद्दल सांगू शकतं. अशा वेळी ‘तू सांग, मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ पुढे जाऊन सांगतं की, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला सुरुवातीलाच सांगावं, ‘तुला मदत करायला ज्यांची गरज आहे त्यांना मला सांगावं लागेल, पण वर्गात कुणाला कळणार नाही.’ हे वाक्य पाळता येण्यासारखं आहे.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, तालुक्याच्या गावातली एक माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावी, दोन सत्रं, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची तीन मजली इमारत, दोन जिने. मुलांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, रंगमंचाच्या मागे. मुलींचं पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या जिन्याच्या टोकाला. मधली सुट्टी अर्ध्या तासाची. शाळेची कुठलीही एक गोष्ट बदलली तरी नकाशा बदलेल, पण अशी इमारत महाराष्ट्रात कुठेही सापडेल.

कागद गोळा झाले की सगळ्या खुणा एकाच मोठ्या कागदावर उतरवायच्या. इथे एक मोह आवरावा लागतो: सगळ्या इयत्ता एकत्र करण्याचा. एकत्र केल्या तर सगळा नकाशा थोडाथोडा लाल दिसतो आणि काहीच कळत नाही. प्रत्येक इयत्ता वेगळी, मुलं वेगळी आणि मुली वेगळ्या अशा ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या की चित्र बोलू लागतं. आपल्या उदाहरणात सहावीच्या मुलांच्या कागदांवर रंगमंचामागच्या स्वच्छतागृहाजवळ लालच लाल आहे, वेळ मधली सुट्टी. दहावीच्या मुलांच्या कागदावर तिथे एकही ठिपका नाही; उलट तिथेच दोन हिरवे ठिपके आहेत. आठवी-नववीच्या मुलींनी स्वच्छतागृहाला फारशा खुणा केलेल्या नाहीत, त्यांचे लाल ठिपके दुसऱ्या जिन्यावर आहेत, वेळ तास बदलण्याची आणि शाळा सुटण्याची. शिक्षकांनाही हाच नकाशा भरायला दिला तर त्यांचे ठिपके मैदानाच्या टोकाला आणि फाटकाबाहेर पडतात. ते साहजिक आहे. मैदानावरची मारामारी आरडाओरड्याने लक्ष वेधते, शिक्षकांपर्यंत पोचते. स्वच्छतागृहातलं दार बाहेरून धरून ठेवणं, पाणी उडवणं, डब्याचे पैसे काढून घेणं यांचा आवाज होत नाही. मुलांचा नकाशा आणि शिक्षकांचा नकाशा जिथे जुळत नाहीत, तिथेच पहिली फेरी न्यावी.

फेरीची वेळ नकाशा ठरवतो. मधल्या सुट्टीचा ठिपका असेल तर मधल्या सुट्टीतच जायचं. चमूत चार-पाच जणं पुरेत: एक शिक्षक, रोज सफाई करणाऱ्या मावशी किंवा शिपाईकाका, एक पालक, एक मोठ्या आणि एक लहान इयत्तेतला विद्यार्थी. मावशींना नुसतं सोबत न्यायचं नाही, त्यांचं ऐकायचं. कुठली कडी वारंवार तुटते, कुठल्या दरवाजामागे चिठ्ठ्या आणि फाटलेली वह्यांची पानं सापडतात, कुठल्या भिंतीवरचं लिखाण पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं शाळेत इतर कुणालाही नसतं. आणि ज्या मुलाबद्दल चिंता आहे त्याला मात्र फेरीत घेऊ नये. त्याला तिथे उभं केलं की कुणी सांगितलं ते सगळ्या शाळेला कळतं.

लहान मुलं आत असताना मोठ्यांनी स्वच्छतागृहात शिरायचं नाही. सुट्टीत दाराबाहेर, नेहमीची माणसं उभी राहतात त्या ठिकाणी दहा मिनिटं थांबायचं आणि दोन गोष्टी मोजायच्या: किती मोठी माणसं जवळून गेली आणि त्यातल्या किती जणांनी त्या दिशेला पाहिलं. दुसरा आकडा महत्त्वाचा. मोबाइलमध्ये बघत किंवा वह्यांचा गठ्ठा सांभाळत गेलेलं माणूस मुलांच्या लेखी नसल्यासारखंच असतं. आतली पाहणी सुट्टी संपल्यावर. दाराची कडी आतून लागते का, ते हाताने लावून पाहायचं. एकाच खोलीची कडी नेहमी तुटलेली असेल तर तो झिजण्याचा प्रकार नाही. दाराखालची फट किती, वरून डोकावता येतं का, दिवा लागतो का, दाराआधी आडोसा म्हणून बांधलेली भिंत कुठवर येते. ही आडभिंत लाजेसाठी बांधलेली असते आणि ती हवीच, पण तिच्या नि दाराच्या मधला तीन-चार फुटांचा बोळ बाहेरून कुणालाच दिसत नाही. आपल्या उदाहरणातले सहावीचे ठिपके नेमके त्या बोळात पडलेले आहेत.

पाहताना एकदा गुडघे टेकून बसावं. तिसरीतल्या मुलाची उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास असते. त्या उंचीवरून व्हरांड्याचा कठडा म्हणजे भिंत होते, समोरच्या वर्गातल्या बाई दिसत नाहीत आणि बाईंनाही ते मूल दिसत नाही. उभ्याने मोकळी वाटणारी जागा बसल्यावर बंदिस्त असल्याचं लक्षात येतं.

जिन्याची पाहणी वेगळी. दोन मजल्यांच्या मधला वळणाचा चौक वरूनही दिसत नाही आणि खालूनही. तळमजल्यावर जिन्याखाली मोडकी बाकं रचलेली असतात, त्यांच्या मागे दोन मुलं सहज मावतात. आणि सर्वांत वर, गच्चीच्या कुलूपबंद दारासमोरचा टप्पा. तिथे कुणालाही कामाने जावं लागत नाही, म्हणून तिथे जाणारं प्रत्येक जण काहीतरी टाळायला किंवा करायला गेलेलं असतं. तिथली जमीन नीट पाहावी. वेफर्सची पाकिटं आणि पेनांची टोपणं म्हणजे मुलं निवांत बसतात, एवढंच. पण एखाद्या मुलाचं नाव भिंतीवर पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या अक्षरांत कोरलेलं असेल, लहान इयत्तेच्या पुस्तकाचं कव्हर, तुटलेली कंपासपेटी किंवा एकच चप्पल पडलेली असेल, तर ते त्या मुलाने स्वतःहून सोडलेलं नाही.

काही खुणा जागेवर दिसतच नाहीत, त्या घरी दिसतात. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. मूल शाळेतून आलं की दप्तर टाकून आधी स्वच्छतागृहात धावतं. शाळेत हीच खूण वेगळ्या रूपात दिसते: सुट्टी संपून पहिला तास सुरू झाला की तीच ती मुलं ‘सर, जाऊ का?’ विचारतात. आपल्याकडे याला टंगळमंगळ समजतात आणि ‘सुट्टीत काय करत होतास?’ म्हणून खाली बसवतात. त्या मुलाने सुट्टीत जायचं टाळलं, कारण सुट्टीत तिथे कोण उभं असतं ते त्याला माहीत आहे. परवानगी नाकारून आपण त्याला त्याच गर्दीत ढकलत असतो. आठवडाभर असे विचारणारे कोण, कुठल्या वर्गातले, एवढं जरी नोंदवलं तरी नकाशाला दुसरा पुरावा मिळतो.

आता उपाय. पहिला सुचतो तो कुलूप लावण्याचा, आणि तोच सर्वांत वाईट. रंगमंचामागचं स्वच्छतागृह सुट्टीत बंद केलं की मुलांना जायला दुसरी जागाच उरत नाही, ते उघडलं की एकदम रांग लागते आणि रांगेत लहान मुलं पुन्हा मोठ्यांच्या हातात सापडतात. गच्चीच्या टप्प्यावर जाळीचं दार लावणं मात्र योग्य, कारण तिथे कुणाला जायची गरजच नाही. लहान मुलांना ज्या जागेची गरज आहे ती बंद करायची नाही. ज्या जागेची कुणालाच गरज नाही, ती बंद करायची.

दुसरा सुचतो कॅमेरा. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याला अटक झाली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी आणि सखी सावित्री समिती यांबाबत आदेश काढले. कॅमेऱ्याचा उपयोग आहे, पण कुठवर? स्वच्छतागृहाच्या आत तो लावता येत नाही आणि लावूच नये. दाराबाहेर लावला तर कोण आत गेलं, किती वेळ होतं, हे कळतं, आणि तेही नंतर. मोठ्या माणसांनी लहान मुलांसोबत आत जाऊ नये, यासाठी तो धाक उपयोगी आहे. पण सहावीच्या मुलाला ढकलणारे नववीचे दोघं कॅमेऱ्यासमोरून हसत, खांद्यावर हात टाकून जातात. पडद्यावर ते मित्रच दिसतात.

आपल्या उदाहरणात उपयोगी पडतं ते वेळापत्रक. स्वच्छतागृहाजवळ सुट्टीत ड्युटी आधीपासून आहे, तरी ठिपके आहेत. फेरीत घड्याळ लावलं की कारण कळतं. घंटा होते, ड्युटीचे सर सर्वांत वरच्या मजल्यावरचा तास संपवतात, हजेरीपट शिक्षकखोलीत ठेवतात, डबा घेतात आणि खाली येतात तोवर सहा-सात मिनिटं गेलेली असतात. मुलं तीस सेकंदांत खाली पोचतात. ठिपके त्या सहा मिनिटांतले आहेत. यावर कुणाला रागावून उपयोग नाही. मधल्या सुट्टीआधीचा तास ज्या शिक्षकाचा रंगमंचाला लागून असलेल्या वर्गात आहे, त्यालाच ती ड्युटी द्यायची, म्हणजे दार उघडलं की तो जागेवर. आणि ड्युटीच्या तक्त्यात ‘तळमजला’ असं लिहायचं नाही. तिथे लिहायचं: आडभिंतीच्या टोकाला, बोळाकडे तोंड करून, घंटेपासून पंधरा मिनिटं, गैरहजर असतील तर अमुक. पाचवी-सहावीची सुट्टी दहा मिनिटं आधी सोडता आली तर निम्मी अडचण तिथेच संपते. पाण्याचे नळ आडभिंतीच्या बाहेर, उघड्यावर आणले तर हात धुवायच्या निमित्ताने बोळात थांबणं बंद होतं. नववी-दहावीची मुलं तिथे का थांबायची, हेही विचारावं. बहुतेकांचं उत्तर असतं: सावली आहे आणि बसायला दुसरीकडे कट्टा नाही. त्यांना मैदानाच्या कडेला झाडाखाली कट्टा मिळाला तर त्यातले बरेच आपणहून उठून जातात. सगळे दादागिरी करणारे नसतात. गर्दीचा आडोसा मात्र ते देत असतात.

मुलींच्या जिन्याचा प्रश्न निराळा. तास बदलताना वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर आदळतात, त्या रेटारेटीत मुद्दाम धक्के, ओढणी ओढणं, नको तिथे हात लावणं चालतं. सुटताना आणखी एक: जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून खालच्या चौकातली मुलं वर पाहत उभी राहतात. एक जिना चढायला आणि एक उतरायला, हा नियम फुकट आहे आणि रेटारेटी मोडतो. कठड्याच्या गजांना पत्रा ठोकायचा विचार लगेच येतो, पण पूर्ण उंचीचा पत्रा लावला तर जिना खालून दिसेनासाच होतो आणि आपण नवी बेवारस जागा तयार करतो. गुडघ्याच्या उंचीपर्यंतच झाकावा, वरचा भाग मोकळा ठेवावा. या कामात आडोसा आणि नजर यांची ओढाताण पावलोपावली भेटते.

याने खरंच फरक पडतो का? नॉर्वेत १९८२च्या अखेरीला छळाला कंटाळून तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर देशव्यापी मोहीम सुरू झाली. तिच्याशी जोडलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांना आढळलं की, सुट्टीत जास्त शिक्षक मुलांमध्ये असलेल्या शाळांत छळ कमी असे. २००९मध्ये मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी जगभरच्या छळविरोधी कार्यक्रमांचा आढावा घेतला, त्यातही मैदानावरची सुधारलेली देखरेख हा छळ कमी होण्याशी जोडलेला घटक निघाला.

सर्वांत थेट पुरावा न्यूयॉर्कचा. नॅन स्टाइन आणि ब्रूस टेलर यांनी तिथल्या ३० शाळांमधल्या सहावी-सातवीच्या २६००हून अधिक विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काही ठिकाणी वर्गात फक्त धडे दिले, काही ठिकाणी फक्त इमारतीवर काम केलं, काही ठिकाणी दोन्ही, काही ठिकाणी काहीच नाही. इमारतीवरच्या कामात मुलांनी काढलेले धोक्याच्या जागांचे नकाशे आणि त्यानुसार बदललेली देखरेख होती. सोबत फलक होते आणि त्रास देणाऱ्याने दुसऱ्यापासून किती अंतर ठेवायचं याचे लेखी करार होते. नुसत्या धड्यांनी फरक पडला नाही. इमारतीवर काम झालं तिथे मुलांमधला लैंगिक छळ कमी झाला. धडे देण्यापेक्षा हे काम स्वस्तही पडतं. यात नकाशाचा वाटा किती आणि करारांचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि माहिती मुलांनी स्वतः भरून दिलेली होती. तरीही, ‘चांगलं वागा’ या विषयावरच्या तासांवर सगळी भिस्त ठेवणाऱ्या आपल्या शाळांनी हा निकाल गांभीर्याने घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

नकाशा सगळं पकडत नाही. डबा खाताना एखाद्या मुलीला गोलातून वगळणं, जातीवरून टोमणे, घरी गेल्यावर मोबाइलच्या ग्रुपवर चालणारी टिंगल, यांना जागा नसते किंवा ती भर वर्गात असते. त्यासाठी वेगळं काम लागतं. आणि ठिपके सरकतात. म्हणून दीड-दोन महिन्यांनी तोच कोरा नकाशा पुन्हा द्यायचा, त्याच इयत्तांना, त्याच प्रश्नांनी. दुसऱ्या खेपेला एकूण ठिपके वाढले तर घाबरू नये. पहिल्या वेळी कागदाचं पुढे काय होतं हे मुलांना माहीत नव्हतं. काहीतरी बदललं हे दिसल्यावर ती जास्त सांगतात. पाहायचं ते ठिपक्यांची जागा आणि वेळ. आपल्या उदाहरणात सहावीचा बोळ बराच रिकामा झालेला असेल, पण सायकल स्टँडवर शाळा सुटल्यानंतरच्या दहा मिनिटांचे नवे लाल ठिपके उमटलेले असतील. दोन सत्रांच्या शाळेत सकाळचं सत्र सुटताना आणि दुपारचं भरताना मधला पाव तास असतो, त्यात सकाळच्या शिक्षकांची वेळ संपलेली असते आणि दुपारच्यांची सुरू झालेली नसते. तो पाव तास दोन्ही तक्त्यांत नाही. पुढची फेरी तिथे, त्या वेळेला, आणि या वेळी चमूत दोन्ही सत्रांचे पर्यवेक्षक हवेत.